विक्रीतल्या तीन तफावती : किंमत, खप आणि मिश्रण

एकाहून अधिक वस्तू विकणाऱ्या धंद्यात महिन्याची विक्री अंदाजाप्रमाणे झाली नाही, तर विक्रीच्या बाजूने त्याची कारणे तीनच असतात. माल ठरवलेल्या भावाने गेला नसेल. एकूण माल ठरवल्यापेक्षा कमी किंवा जास्त खपला असेल. किंवा एकूण खपात चांगला पैसा देणाऱ्या आणि थोडा पैसा देणाऱ्या मालाचे वाटे बदलले असतील. परिव्यय लेखाशास्त्रात या तीन कारणांचा परिणाम रुपयांत वेगवेगळा मोजतात आणि त्यांना विक्री-किंमत तफावत, खप तफावत आणि विक्री-मिश्रण तफावत म्हणतात. हिशेबनीसांच्या बोलण्यात हेच ‘प्राइस’, ‘व्हॉल्यूम’ आणि ‘मिक्स व्हेरियन्स’ असतात.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मालकाच्या सहज लक्षात येतात. भाव उतरवला हे त्याला माहीत असते आणि किती माल गेला हे बिलांवरून कळते. तिसरी गोष्ट मात्र उलाढालीच्या आकड्याखाली दडून राहते. उलाढाल वाढते, गोदामातून जाणारा माल वाढतो, तरी हातात उरणारा पैसा त्या मानाने वाढत नाही. असे झाले की हिशेब मिश्रणापाशी येऊन थांबतो.

अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष महिना

कोल्हापुरातला एक मसाला उद्योग उदाहरणासाठी कल्पू. तो तीन वस्तू विकतो : हळद पूड, मिरची पूड आणि कांदा-लसूण मसाला. हळद पूड सगळेच विकतात, त्यामुळे तिथे चढाओढ मोठी आणि नफा थोडा. कांदा-लसूण मसाल्याला स्वतःची चव आणि नाव असते, म्हणून गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे देते. एका महिन्याचे अंदाजपत्रक असे होते :

| वस्तू | खप (किलो) | भाव (रु. प्रतिकिलो) | बदलता खर्च (रु.) | अंशदान (रु. प्रतिकिलो) |
|---|---|---|---|---|
| हळद पूड | ५,००० | २४० | २०० | ४० |
| मिरची पूड | ३,००० | ४०० | ३२० | ८० |
| कांदा-लसूण मसाला | २,००० | ५०० | ३४० | १६० |

यातला ‘बदलता खर्च’ म्हणजे मालाच्या प्रत्येक किलोमागे होणारा खर्च : कच्चा माल, दळणावळ, पाकिटे, वाहतूक. जागेचे भाडे आणि कारकुनाचा पगार एक किलो जास्त विकल्याने वाढत नाही, म्हणून तो यात धरलेला नाही. भावातून बदलता खर्च वजा केल्यावर जे उरते ते अंशदान. या अंशदानातून आधी भाडे-पगार भागतात आणि मग नफा राहतो.

अंदाजानुसार १०,००० किलो मालाची विक्री ३४,००,००० रुपये आणि एकूण अंशदान ७,६०,००० रुपये व्हायला हवे होते. म्हणजे सरासरी किलोमागे ७६ रुपये.

महिना संपल्यावर प्रत्यक्ष आकडे असे आले : हळद पूड ७,००० किलो, सरासरी २३५ रुपये भावाने; मिरची पूड ३,२०० किलो, ४०५ रुपये भावाने; कांदा-लसूण मसाला १,८०० किलो, ४९० रुपये भावाने. एकूण १२,००० किलो माल गेला आणि विक्री ३८,२३,००० रुपये झाली. वजनात २० टक्के वाढ, उलाढालीत साधारण साडेबारा टक्के. बदलता खर्च ठरल्याइतकाच धरला, तर अंशदान मात्र ७,८७,००० रुपये भरते. २० टक्के जास्त माल दळून, भरून, पाठवून वाढले फक्त २७,००० रुपये, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. या २७,००० रुपयांची फोड करणे हे तफावतींचे काम.

किंमत तफावत

किंमत तफावत काढणे सर्वांत सोपे आहे. प्रत्यक्ष भावातून ठरलेला भाव वजा करायचा आणि येणाऱ्या फरकाला प्रत्यक्ष खपलेल्या किलोंनी गुणायचे. गुणाकार प्रत्यक्ष खपाशी करायचा, कारण भावातला फरक जेवढा माल खरोखर विकला गेला तेवढ्यावरच लागू झाला.

हळदीचा भाव ५ रुपयांनी उतरला आणि ७,००० किलो माल गेला, म्हणून ३५,००० रुपये गेले. मिरचीत ५ रुपये जास्त मिळाले आणि ३,२०० किलोंवर १६,००० रुपये आले. मसाल्यात १० रुपये कमी मिळाले आणि १,८०० किलोंवर १८,००० रुपये गेले. तिन्ही मिळून ३७,००० रुपयांची घट झाली. नफा घटवणाऱ्या अशा तफावतीला प्रतिकूल म्हणतात आणि वाढवणाऱ्या तफावतीला अनुकूल.

इथे ‘भाव’ म्हणजे छापील किंमत नव्हे. जीएसटी वगळून, सूट आणि योजना वजा जाता धंद्याच्या हाती जे राहते तो भाव. मसाल्याच्या भावाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ५०० रुपयांच्या मालावर ‘४९ किलोंना १ किलो मोफत’ अशी योजना दिली, तर ५० किलोंचे २४,५०० रुपये मिळतात आणि सरासरी भाव आपोआप ४९० होतो. दरपत्रक कुणी बदललेले नसते, तरी किंमत तफावत खरी असते. पुष्कळ ठिकाणी मोफत दिलेला माल जाहिरातखर्चात टाकतात. मग किंमत तफावत शून्य दिसते आणि दुकानदाराला दिलेली सवलत भलत्याच रकान्यात जाऊन बसते.

खप तफावत

खप तफावत काढताना भाव बाजूला ठेवतात. प्रत्येक वस्तू अंदाजापेक्षा किती किलो जास्त किंवा कमी गेली ते पाहायचे आणि त्या फरकाला ठरलेल्या अंशदानाने गुणायचे. भावाने गुणायचे नाही, कारण जादा खपलेल्या प्रत्येक किलोमागे खर्चही झालेला असतो. धंद्याला मिळते ते फक्त अंशदान.

हळद २,००० किलो जास्त गेली, किलोमागे ४० रुपये, म्हणून ८०,००० रुपये अनुकूल. मिरची २०० किलो जास्त, ८० रुपयांप्रमाणे १६,००० अनुकूल. मसाला २०० किलो कमी, १६० रुपयांप्रमाणे ३२,००० प्रतिकूल. बेरीज ६४,००० रुपये अनुकूल. यातून किंमत तफावतीचे ३७,००० वजा केले की वरचे २७,००० बरोबर जुळतात.

हाच हिशेब उलाढालीवर केला तर चित्र फारच गुलाबी दिसते. हळदीचे २,००० किलो गुणिले २४० म्हणजे ४,८०,००० रुपये, मिरचीचे ८०,०००, मसाल्याची घट १,००,०००. एकूण ४,६०,००० रुपये अनुकूल. आकडा चुकीचा नाही, पण तो बिलांवरच्या बेरजेबद्दल सांगतो. तिजोरीत त्यातले फक्त ६४,००० आले. विक्री विभागाचे अहवाल बहुधा उलाढालीवर बेतलेले असतात, त्यामुळे तफावतींचा तक्ता हाती आला की ती भावावर मोजली आहे की अंशदानावर, हे आधी पाहावे लागते.

खर्चाचा आकडा मुद्दाम ठरलेलाच घेतात. समजा त्या महिन्यात सांगलीच्या बाजारात हळद महागली. तो भार खरेदीच्या तफावतीत वेगळा दाखवायचा. तो विक्रीच्या तफावतीत मिसळला, तर खरेदीचा दोष विक्री करणाऱ्यांच्या माथी येतो आणि स्वस्त खरेदीचे श्रेयही त्यांनाच मिळते.

खपाचे दोन भाग : एकूण वजन आणि मिश्रण

खप तफावतीचे ६४,००० रुपये अजून अर्धीच गोष्ट सांगतात. २,००० किलो जादा मालावर सरासरी ७६ रुपयांनी १,५२,००० रुपये मिळायला हवे होते. मिळाले त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेले कुठे गेले हे पाहायला खप तफावतीचे दोन भाग करतात.

पहिला भाग एकूण खपाचा. तिन्ही वस्तूंचे वाटे अंदाजपत्रकाप्रमाणेच राहिले असते, तर केवळ वजन वाढल्याने किती फायदा झाला असता? २,००० किलो गुणिले ७६, म्हणजे १,५२,००० रुपये अनुकूल.

दुसरा भाग मिश्रणाचा. यासाठी प्रत्यक्ष खपलेले १२,००० किलो अंदाजपत्रकातल्या वाट्यांनी विभागायचे. अंदाजात हळद ५० टक्के, मिरची ३० टक्के आणि मसाला २० टक्के होता. त्या हिशेबाने ६,००० किलो हळद, ३,६०० किलो मिरची आणि २,४०० किलो मसाला जायला हवा होता. प्रत्यक्षात हळद १,००० किलो जास्त, मिरची ४०० किलो कमी आणि मसाला ६०० किलो कमी गेला. या फरकांना ठरलेल्या अंशदानाने गुणले की हळदीचे ४०,००० अधिक, मिरचीचे ३२,००० उणे आणि मसाल्याचे ९६,००० उणे येतात. मिश्रण तफावत ८८,००० रुपये प्रतिकूल. १,५२,००० मधून ८८,००० गेले की पुन्हा ६४,००० उरतात.

आता महिन्याचा पूर्ण हिशेब मांडता येतो :

| | रुपये |
|---|---|
| अंदाजित अंशदान | ७,६०,००० |
| एकूण खपाची तफावत (अनुकूल) | + १,५२,००० |
| मिश्रण तफावत (प्रतिकूल) | − ८८,००० |
| किंमत तफावत (प्रतिकूल) | − ३७,००० |
| प्रत्यक्ष अंशदान (ठरलेल्या खर्चाने) | ७,८७,००० |

भाव उतरवल्याचा फटका ३७,००० रुपयांचा होता. मिश्रण बिघडल्याचा त्याच्या दुपटीहून मोठा. भावाची चर्चा दर बैठकीत होते, पण या महिन्यात जास्त पैसा मिश्रणातून गळला.

मिरचीच्या आकड्याकडे थोडे लक्ष द्यावे. तिचा खप अंदाजापेक्षा २०० किलोंनी वाढला, म्हणून खप तफावतीत ती अनुकूल आहे. एकूण माल २० टक्क्यांनी वाढला असताना ती सात टक्क्यांहूनही कमी वाढली, म्हणून मिश्रणात ती प्रतिकूल आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला मिरचीकडे एकटीकडे पाहतो, दुसरा तिच्या वाट्याकडे.

मिश्रण बिघडले कुणामुळे?

वरच्या हिशेबात हळदीसमोर ४०,००० रुपये अनुकूल दिसतात. वाचणाऱ्याला वाटेल, हळदीने मिश्रण सुधारले आणि मिरची-मसाल्याने बिघडवले. प्रत्यक्षात हळदीचा वाटा ५० टक्क्यांवरून ५८ टक्क्यांच्या वर गेला, म्हणूनच सरासरी खाली आली. हा घोळ टाळण्यासाठी मिश्रण तफावत मोजण्याची दुसरी रीत आहे. तिच्यात किलोंच्या फरकाला वस्तूच्या पूर्ण अंशदानाने गुणत नाहीत. वस्तूचे अंशदान सरासरी ७६ रुपयांपेक्षा किती वर किंवा खाली आहे, त्याने गुणतात.

हळदीचे ४० रुपये सरासरीपेक्षा ३६ ने कमी. ती १,००० किलो जास्त गेली, म्हणून ३६,००० प्रतिकूल. मिरचीचे ८० रुपये सरासरीपेक्षा ४ ने जास्त. ती ४०० किलो कमी गेली, म्हणून १,६०० प्रतिकूल. मसाल्याचे १६० रुपये सरासरीपेक्षा ८४ ने जास्त. तो ६०० किलो कमी गेला, म्हणून ५०,४०० प्रतिकूल. बेरीज तीच, ८८,०००. पण दोष आता जागेवर दिसतो : हलक्या नफ्याचा माल वाट्याहून जास्त गेला आणि भरीव नफ्याचा कमी. मिरचीचा भाग जवळजवळ नगण्य आहे, कारण तिचे अंशदान सरासरीच्या आसपासच आहे. एकूण आकडा हवा असेल तर कोणतीही रीत चालते. वस्तूनिहाय जबाबदारी ठरवायची असेल तर ही दुसरी रीत वापरणे बरे.

आकडा फसवतो त्या जागा

पहिली जागा वस्तूच्या आत दडलेल्या मिश्रणाची. हळदीचा सरासरी भाव २४० वरून २३५ झाला म्हणजे भाव उतरवलाच, असे नाही. समजा हळद पूड दोन रूपांत जाते : लहान पाकिटांत किलोमागे २६० रुपयांनी आणि खानावळींसाठी मोठ्या पिशव्यांत २२० रुपयांनी. अंदाजात दोन्ही निम्मी-निम्मी होती, म्हणून सरासरी २४०. प्रत्यक्षात आठ किलोंतले तीनच पाकिटांत आणि पाच पिशव्यांत गेले, तर एक पैसाही भाव न बदलता सरासरी २३५ येते. ३५,००० रुपयांची जी किंमत तफावत दिसली, ती सगळी प्रत्यक्षात पाकिटे आणि पिशव्यांच्या वाट्यातला बदल आहे. शिवाय मोठ्या पिशवीला पाकिटांचा खर्च कमी लागतो, त्यामुळे खरे नुकसान ३५,००० पेक्षा कमी असते आणि बाकीचे पॅकिंगखर्चाच्या बचतीत दिसते. ज्या वस्तूंचे अंशदान वेगळे, त्या तक्त्यात वेगळ्या ओळीत असायला हव्यात. सरासरी भाव हलला पण दरपत्रक आणि योजना जुन्याच आहेत, ही या चुकीची ओळखण.

दुसरी जागा हंगामाची. महाराष्ट्रात वर्षाची चटणी आणि मसाला उन्हाळ्यात करून ठेवणारी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे मिरचीची मागणी वर्षभर सारखी नसते. वर्षाच्या अंदाजाला बाराने भागून महिन्याचे वाटे ठरवले, तर काही महिन्यांत मिश्रण उगाच अनुकूल आणि काहींत उगाच प्रतिकूल दिसेल. दर वर्षी त्याच महिन्यांत तफावत त्याच बाजूला झुकत असेल, तर चूक विक्रीत शोधण्याआधी अंदाजपत्रकात शोधावी.

तिसरी जागा मापाची. मसाल्यांत सगळे किलोत मोजता येते, म्हणून वाटे काढणे सोपे. एकच धंदा किलोत मसाला, लिटरमध्ये तेल आणि नगांत पापडांची पाकिटे विकत असेल, तर त्यांची बेरीज करून काढलेले टक्के निरर्थक ठरतात. अशा वेळी वाटे ठरलेल्या भावाने मोजलेल्या विक्रीच्या रुपयांवर काढतात आणि सरासरीही किलोमागे न घेता विक्रीच्या शंभर रुपयांमागे घेतात.

याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा की त्या वस्तूंचा एकमेकींशी संबंध आहे का. तीन मसाले एकाच विक्रेत्याच्या हातून, एकाच दुकानदाराच्या भांडवलावर आणि एकाच फळीवर जातात. एकाने जागा जास्त घेतली की दुसऱ्याची कमी होते, म्हणून मिश्रणाला अर्थ आहे. वेगळे गिऱ्हाईक आणि वेगळी माणसे असलेल्या दोन धंद्यांची मिश्रण तफावत काढता येते, पण तिच्यावरून कुणाला काही करता येत नाही. तिथे प्रत्येकाची खप तफावत पुरेशी आहे.

तफावतीनंतरचे काम

किंमत आणि खप हिशेबात वेगळे काढले, तरी बाजारात ते एकमेकांना बांधलेले असतात. हळदीचा भाव खरोखरच ५ रुपयांनी उतरवला असेल आणि त्यामुळेच २,००० किलो जास्त गेले असतील, तर ३५,००० चा तोटा आणि ८०,००० चा फायदा एकाच निर्णयाचे आहेत. हळदीपुरते पाहिले तर ४५,००० रुपये मिळाले आणि निर्णय योग्य वाटतो. पण त्याच महिन्यात मसाल्याचा खप पडला. हळद उचलताना दुकानदारांनी मसाल्याच्या मागणीत कपात केली असेल, तर मसाल्याचे ३२,००० रुपयेही त्याच निर्णयाच्या खात्यावर मांडावे लागतात आणि फायदा १३,००० वर येतो. मसाला दुसऱ्या कारणाने पडला असेल, म्हणजे माल वेळेवर मिळाला नाही किंवा शेजारच्या ब्रँडने मोठी योजना काढली असेल, तर हळदीचा त्याच्याशी संबंध नाही.

हे तफावतीच्या तक्त्यातून कळत नाही; त्यासाठी दुकानदारनिहाय बिले काढून पाहावी लागतात. ज्या दुकानांत हळद वाढली त्यांतच मसाला घटला असेल, तर एकाने दुसऱ्याची जागा घेतली असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे सारखा घटला असेल, तर कारण पुरवठ्यात किंवा बाजारात शोधायचे.

विक्रेत्यांना बक्षीस कशावर मिळते तेही पाहावे. ते किलोंवर असेल, तर सहज खपणारी हळद पुढे रेटणे त्यांच्या फायद्याचे आहे. उलाढालीवर असेल, तरी पाचशे रुपयांची हळद आणि पाचशे रुपयांचा मसाला त्यांना सारखाच. धंद्याला मात्र हळदीतून सुमारे ८३ रुपये मिळतात आणि मसाल्यातून १६०. बक्षीस अंशदानाशी जोडले की विक्रेत्याचे आणि धंद्याचे हित एका बाजूला येते. महिन्यामागून महिने मिश्रण तफावत प्रतिकूल राहत असेल आणि एकूण खप मात्र वाढत असेल, तर दुकानदारांच्या बिलांबरोबर बक्षिसाचा हा नियमही तपासायला घ्यावा.